नुसती फाइल आली तर आधी काय: 'काय हवंय?' की आधी एक नजर?

सरळरेघ (मूळ पोस्ट)

पुन्हा तेच. ईमेलला एक एक्सेल फाइल जोडलेली, विषय कोरा, मजकूर शून्य. मी अशा फाइली उघडत नाही. 'काय हवंय?' एवढंच विचारतो आणि उत्तर येईपर्यंत हात लावत नाही. इथले काही जण मात्र सांगत असतात की आधी कॉलम बघा, ब्लँक मोजा, विचित्र आकडे शोधा, मग विचारा. प्रश्नच माहीत नसताना शोधायचं काय? हा फुकटचा उद्योग आहे.

---

तळओळ

'फुकटचा उद्योग' खटकलं, म्हणून जरा लांबड लावतो.

'काय हवंय?' विचारलंत की बहुतेक वेळा उत्तर येतं, 'महिन्यावार बेरीज'. तुम्ही ती करून पाठवता आणि ती चुकलेली असते. प्रश्न बरोबर, तुमची बेरीजही बरोबर, घोळ फाइलीत. तो घोळ पाठवणारा तुम्हाला सांगू शकत नाही, कारण त्याला तो माहीतच नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे आहे, पण तुम्हाला नेमका कोणता प्रश्न विचारायला हवा होता ते फाइलीत आहे.

नमुना म्हणून एक फाइल घ्या. शीट एकच. A ऑर्डर नंबर, B तारीख, C शाखा, D नग, E रक्कम, F स्थिती. नावावरून एप्रिल ते सप्टेंबरची, हातात आली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.

आधी Ctrl+End. कर्सर २४१९व्या ओळीवर जातो. तिथे A रिकामा आणि E मध्ये भलामोठा आकडा, म्हणजे कुणीतरी खाली बेरीज मारून ठेवली आहे. ही ओळ हिशेबात गेली की एकूण रक्कम सरळ दुप्पट. म्हणून खरी माहिती दुसऱ्या ओळीपासून २४१८पर्यंत, २,४१७ ओळी. (कधीकधी Ctrl+End पार खाली रिकाम्या जागेत नेऊन सोडतं, कारण तिथे कधीकाळी काही लिहिलं किंवा रंगवलेलं असतं. म्हणून डोळ्याने खात्री करायचीच.)

मग तारखेच्या कॉलमला चार सूत्रं:

```
=COUNT(B2:B2418)
=SUMPRODUCT(--ISTEXT(B2:B2418))
=MIN(B2:B2418)
=MAX(B2:B2418)
```

पहिलं म्हणतं ९५३, दुसरं १,४६४. बेरीज २,४१७, म्हणजे रिकामा सेल एकही नाही. पण तारखेच्या कॉलममधले १,४६४ सेल तारखा नाहीतच, नुसता मजकूर आहे. कॉलम मधोमध लावलेला असल्यामुळे डोळ्यांना पत्ता लागत नाही. एरवी तारीख उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे, हीच खूण असते.

MIN म्हणतं ४ जानेवारी, MAX म्हणतं ९ डिसेंबर. फाइल एप्रिल ते सप्टेंबरची आणि आज ऑक्टोबर. आता सांगा, डिसेंबरची ऑर्डर आली कुठून? हा प्रश्न 'काय हवंय?' विचारून कधी सापडला असता?

---

सरळरेघ

MAX डिसेंबरचा आला तर तो बेरीज करतानाही दिसेलच की. त्यासाठी आधीच फाइल उकरायची काय गरज? आणि पिव्होट लावला की मजकूर असलेल्या कॉलमचं महिन्यावार ग्रुपिंग एक्सेल करूच देत नाही, सरळ नकार देतं. घोळ तिथेच कळतो. तुम्ही मुद्दाम बागुलबुवा उभा करताय.

---

तळओळ

एक्सेल नकार देतं, हे अगदी बरोबर. पण त्यानंतर माणूस काय करतो? 'काही तारखा मजकूर आहेत वाटतं' म्हणून तेवढ्या सेलांना सूत्र लावून त्यांच्या तारखा करतो. ग्रुपिंग चालतं, तक्ता येतो, सगळे खूश. आणि चुकलेल्या तारखा तशाच राहतात, कारण चुकलेल्या तारखा मजकुरात नव्हत्याच. त्या 'खऱ्या' दिसणाऱ्या ९५३मध्ये आहेत.

झालंय ते असं. मूळ तारीख दिवस/महिना/वर्ष अशी होती. फाइल उघडली ती महिना/दिवस/वर्ष मानणाऱ्या संगणकावर. 05/07 आलं की तो म्हणतो मे ७. वास्तविक ते ५ जुलै. 25/07 आलं की पंचविसावा महिना नसतोच, म्हणून तो नाद सोडतो आणि सेल मजकूर म्हणून ठेवतो. म्हणजे १ ते १२ दिवसांच्या तारखा गुपचूप उलट्या होतात आणि १३च्या पुढच्या मजकूर होऊन, पण शाबूत राहतात. संशय सगळा मजकुरावर जातो, आणि गुन्हेगार ते नीटनेटके सेल असतात.

ताळा असा. ९५३ सेलांवर `=DAY(B2)` आणि `=MONTH(B2)` लावा. दिवस फक्त ४ ते ९ येतात आणि महिने मात्र बाराही. एप्रिल ते सप्टेंबर म्हणजे महिना ४ ते ९, तेच आता दिवसाच्या जागी बसलेत. मजकुराच्या सेलांत डावीकडचे दोन आकडे बघा, सगळे १३ ते ३१. प्रमाणही जुळतं. सहा महिन्यांत दिवस १८३, त्यातले १ ते १२ वाले ७२, म्हणजे ३९ टक्के. ९५३ भागिले २,४१७ सुद्धा ३९ टक्केच. एवढं जुळल्यावर शंकेला जागा राहत नाही.

आता तुमचा 'बरोबर' पिव्होट काय दाखवेल ते बघा. जुलैच्या खात्यात १३ ते ३१ हे १९ दिवस खरे, आणि दर महिन्याची ७ तारीख असे आणखी ६ दिवस. त्यातला ७ जुलै नशिबाने जागेवरच, बाकी पाच पाहुणे. जुलै २५ दिवसांचा झाला. जानेवारी, जिथे काहीच असायला नको, तिथे ६ दिवस. एकूण बेरीज पैशापैशाला जुळते, म्हणून कुणाला संशय येत नाही. आणि पाठवणाऱ्याने 'फक्त जुलैचा आकडा द्या' म्हटलं असेल, तर तुम्हाला डिसेंबर दिसणारच नाही.

---

उभाआडवा

तारखांचं राहू द्या, त्या शाखेच्या कॉलमबद्दल कुणी बोलत का नाही? मर्ज केलेले सेल! पंधरा ओळींना मिळून एकच उभा सेल, मधोमध शाखेचं नाव, वर पिवळा रंग. दिसायला गोजिरं, आत फक्त वरच्या सेलात नाव आणि खालचे चौदा रिकामे. ब्लँक मोजले की ९३ टक्के रिकामं निघतं आणि माणूस म्हणतो, 'शाखेची माहितीच नाही'. आहे हो माहिती, गाडून टाकलीय.

सरळरेघ, तुमच्या पद्धतीत हे पाठवणाऱ्याला विचारलंत तर तो म्हणणार, 'शाखा तर दिलीय की, दिसत नाही का?' त्याच्या पडद्यावर खरंच दिसते. भांडण तिथे सुरू होतं.

---

सरासरी_सदू

मी प्रोफाइलच्या, म्हणजे आधी फाइल तपासून घेण्याच्या, बाजूने. पण अर्धवट कशाला करता? ब्लँक सापडले तर भरून टाका, रकमेत कॉलमची सरासरी घाला, शाखा वरून खाली ओढा, डुप्लिकेट काढा, सरासरीपासून फार लांबचं, तीन सिग्माच्या बाहेरचं, उडवा, आणि स्वच्छ फाइलच परत पाठवा. पाठवणाऱ्याला तेच हवं असतं.

---

तळओळ

सदू, शाखा वरून खाली ओढायचं तेवढं बरोबर. Unmerge करून, Go To Special मधून Blanks निवडून, = आणि वरच्या सेलाचा पत्ता टाकून Ctrl+Enter. पण तेही तपासून. कुणी आधीच मर्ज सोडवून ऑर्डर नंबरने सॉर्ट करून ठेवलं असेल तर वरच्या सेलाचा आणि खालच्याचा संबंधच तुटलेला असतो. मग ओढलंत की प्रत्येक ऑर्डरला भलतीच शाखा चिकटते. सोपी खूण म्हणजे C2 रिकामा असेल तर नक्की मोडलेलं आहे, कारण पहिल्या गटाचं नाव पहिल्याच ओळीत असायला हवं. C2 भरलेला आहे म्हणून सगळं शाबूत, असं मात्र नाही.

रकमेत सरासरी घालायचं मात्र सोडा. याच फाइलीत E मध्ये ३८ ब्लँक आहेत. ते कुठे पडलेत हे बघायला एक ओळ पुरते:

```
=COUNTIFS(E2:E2418,"",F2:F2418,"रद्द")
```

उत्तर ३६. म्हणजे छत्तीस ऑर्डरी रद्द झालेल्या, त्यांना रक्कम नाही आणि नसायलाच हवी. तुमची सरासरी रद्द ऑर्डरींत पैसे भरणार. उरल्या दोन, ज्यांची स्थिती 'पूर्ण' आहे आणि रक्कम नाही. विचारायचं फक्त या दोघींबद्दल. नुसता '३८ ब्लँक' हा आकडा घेऊन गेलात तर पाठवणारा तासभर अडतीसच्या अडतीस ओळी शोधत बसेल. ब्लँक किती यापेक्षा ते कशाच्या शेजारी पडलेत, हे जास्त कामाचं.

तीन सिग्माचंही तेच. D मध्ये MAX येतो ९९९. `=LARGE(D2:D2418,2)` लावलं तर पुन्हा ९९९, आणि असे अकरा सेल. त्याच्या खालची सर्वांत मोठी किंमत २४. नऊशे नव्व्याण्णव नग कुणी मागितलेले नाहीत, भरणाऱ्याने 'माहीत नाही' यासाठी ठरवलेला तो आकडा आहे. पण हे मला 'वाटतं', मी ठरवू शकत नाही. उडवून दिलेत तर अकरा ऑर्डरी गेल्या आणि त्यांच्या रकमाही गेल्या, ज्या कदाचित बरोबर होत्या. प्रोफाइल म्हणजे दुरुस्ती नव्हे. मूळ फाइलीतला एक सेलही बदलायचा नाही, सूत्रंसुद्धा वेगळ्या प्रतीत.

---

सरासरी_सदू

बरं बाबा, रद्दचं मान्य. पण डुप्लिकेट तरी काढू द्याल की तेही पाप?

---

तळओळ

ऑर्डर नंबर दोनदा आला म्हणजे डुप्लिकेटच असं नाही, एका ऑर्डरमध्ये दोन वस्तू असतील तर दोन ओळी येणारच. सगळे सहाही कॉलम तंतोतंत तेच असतील तर संशय घ्या, आणि तरीही विचारा.

---

स्वल्पविराम

तुम्ही सगळे रोगाच्या फांद्या छाटताय. मूळ एकच आहे, CSV वर डबल क्लिक. सिस्टिममधून CSV निघते तेव्हा तारीख शाबूत असते. माणूस तिच्यावर दोनदा टिचकी मारतो, एक्सेल उघडतं, तारखा उलट्या होतात, नंबरांपुढची शून्यं जातात, आणि तो 'सेव्ह' करून तुम्हाला xlsx पाठवतो. प्रोफाइल करत बसण्यापेक्षा एक ओळ उलट पाठवा: 'मूळ CSV द्या, न उघडता.' संपलं.

---

उभाआडवा

CSV वाले आले! CSV मध्ये स्वल्पविरामाने मोडलेल्या ओळी, कुठे अर्धविरामाचा सेपरेटर, कुठे एन्कोडिंग बिघडून देवनागरीच्या जागी किडेमुंग्या, ते कोण निस्तरणार? निदान xlsx मध्ये सेल हा सेल असतो.

---

स्वल्पविराम

सेल हा सेल असतो, फक्त आतली किंमत तुमची नसते. जनुकांची नावं विसरलात? SEPT2 लिहिलं की एक्सेल त्याची २ सप्टेंबर करत असे, MARCH1 ची १ मार्च. संशोधनाच्या फाइलींत इतकी वर्षं हा घोळ चालला की शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२०मध्ये नावंच बदलली, SEPT2 चं SEPTIN2 आणि MARCH1 चं MARCHF1. सॉफ्टवेअर हललं नाही, शास्त्रज्ञ हलले. यावर आणखी काय पुरावा हवा?

---

सरळरेघ

आता एक्सेलमध्ये ते बंद करता येतं. Options मध्ये Data खाली Automatic Data Conversion आहे, टिक काढा. जुनी रडगाणी किती दिवस?

---

स्वल्पविराम

काढा टिक. सुरुवातीची शून्यं राहतील, लांब नंबर राहतील, SEPT2 सारखं अक्षर-आकडा जोडलेलंही राहील. 05/07 मात्र तरीही तारीखच होणार, त्याला त्या यादीत टिकच नाही. आधी वापरून बघा, मग 'रडगाणी' म्हणा.

---

सरळरेघ

'आधी वापरून बघा' ही भाषा तुमच्याजवळच ठेवा. मी विषय काढला होता न सांगता फाइल पाठवण्याचा. इथे जनुकं कुठून आली?

---

तळओळ

दोघंही जरा थांबा. स्वल्पविराम, मूळ CSV मागायची हे योग्यच, तारखांसाठी तर तोच खरा उपाय. Data > From Text/CSV ने आणा आणि तारखेच्या कॉलमला Using Locale मधून दिवस आधी असणारा देश निवडा. पण मूळ CSV मागायचीच हे तुम्हाला कळलं कशावरून? ९५३ आणि १,४६४ वरूनच ना. 'न उघडता द्या' असं प्रत्येकाला सरसकट लिहिलंत तर ज्याची फाइल हाताने भरलेली आहे तो म्हणेल, 'कुठली CSV?'

मूळ प्रत मिळालीच नाही तर तारखा सूत्राने उलटवता येतात, पण दोन्ही जातींना वेगळं सूत्र लागतं:

```
=IF(ISNUMBER(B2),
  DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)),
  DATE(RIGHT(TRIM(B2),4),MID(TRIM(B2),4,2),LEFT(TRIM(B2),2)))
```

हे फक्त सगळ्या तारखा एकाच वाटेने बिघडल्या असतील तर. काही ओळी नंतर हाताने भरलेल्या असतील तर त्या बरोबर होत्या आणि हे सूत्र त्या बिघडवेल. ताळा तोच: सूत्रानंतर MIN १ एप्रिलच्या आधीचा नको आणि MAX ३० सप्टेंबरच्या पुढचा नको. आणि दिवसागणिक ओळी मोजल्या तर १२ आणि १३ तारखेच्या मध्ये अचानक पायरी दिसायला नको.

लांब नंबरांना मात्र उपाय नाही. एक्सेल आकड्याचे १५ अंक धरून ठेवतं, सोळाव्याचं शून्य करतं. सोळा अंकी नंबरांचा अख्खा कॉलम शून्याने संपत असेल तर शेवटचा अंक कायमचा गेला, तो कुठल्याही सूत्राने परत येत नाही. तिथे मूळ प्रतच लागते.

---

बेरीजबाकी

धागा बरोबर आहे ना? माझं ब्लँकचंच आहे. फाइलीत ५२० ओळी आहेत. COUNTA देतंय ५००, COUNTBLANK देतंय ६०. म्हणजे ५६० झाले. चाळीस ओळी जास्त कुठून आल्या? एक्सेल चुकतंय का?

---

तळओळ

एक्सेल चुकत नाहीये, एकच सेल दोघं मोजताहेत. तुमच्या कॉलममध्ये `=IF(...,"")` जातीचं सूत्र आहे का बघा. असा सेल दिसतो रिकामा, पण आत सूत्र आहे. COUNTA म्हणतं 'काहीतरी आहे', COUNTBLANK म्हणतं 'काही दिसत नाही'. चाळीस सेल तसले. खरोखर रिकामे ५२० वजा ५००, म्हणजे २०. आणि ४० रिकाम्या अक्षरांचे. दोन्हींची कारणं बहुतेक वेगळी असतील: वीस कुणी भरायचे राहिले, चाळीस सूत्राने मुद्दाम कोरे ठेवले.

---

बेरीजबाकी

आहे, सूत्र आहे. पण मग एका सेलात नुसती स्पेस असेल तर?

---

उभाआडवा

तर COUNTBLANK लाही तो भरलेला वाटतो. TRIM लावून लांबी मोजा. वेबपेजवरून चिकटवलेली माहिती असेल तर ती स्पेसही वेगळी असते, TRIM ला ती दिसत नाही. आधी `SUBSTITUTE(E2,CHAR(160)," ")` करायचं. 'रद्द' आणि 'रद्द ' हे दोन वेगळे गट होतात पिव्होटमध्ये, तो सगळा खेळ याच स्पेसचा.

---

कुलूप

कुणीच न बोललेला मुद्दा. नुसती फाइल आली म्हणजे ती माझ्यासाठीच होती हे कशावरून? चुकून आलेली असेल. आत लपवलेल्या शीटवर पगार असतील, वैद्यकीय नोंदी असतील. तुम्ही म्हणता आधी उघडा, सगळे कॉलम चाळा, वेगळ्या किमतींची यादी काढा. न विचारता! सरळरेघ यांचं कारण आळसाचं आहे, पण निष्कर्ष बरोबर आहे.

---

सरळरेघ

आळसाचं? आभारी आहे, पाठिंबा दिल्याबद्दल.

---

तळओळ

कुलूप, मुद्दा वजनदार आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. मी पायरी अशी लावतो: आधी फक्त मथळ्याची ओळ आणि शीटची नावं. मथळ्यातच नाव, फोन, आजार, पगार दिसलं आणि फाइल अपेक्षित नव्हती, तर तिथेच थांबून विचारायचं. पुढे गेलो तरी प्रोफाइलमध्ये मोजमाप लिहायचं, किमती नाहीत. 'फोनच्या कॉलममध्ये १२ नंबर नऊ अंकी' चालेल, नंबर छापायचे नाहीत. लपवलेल्या शीट आहेत एवढं सांगायचं, आत काय ते नाही.

---

कुलूप

'मथळा बघून थांबायचं' म्हणजे उघडलीतच ना फाइल. पटलं नाही. पण मोजमाप द्या, किमती नको, हे घेतो.

---

सरासरी_सदू

दोन हजार ओळींना सूत्रं ठीक आहेत. पन्नास कॉलम असले तर प्रत्येकाला चार सूत्रं मारत बसणार का? पायथनमध्ये `df.describe()` मारा, एका ओळीत काम.

---

तळओळ

describe() फसवेल. समोर आकड्यांचे कॉलम असले की ते फक्त तेवढेच घेतं, आणि आपला तारखेचा कॉलम भेसळीचा असल्याने त्यात दिसणारच नाही. शिवाय वाचतानाच pandas 'NA' लिहिलेला मजकूर रिकामा समजतं. कुणी NA हा शाखेचा कोड म्हणून वापरला असेल तर ती शाखा गायब. हे घ्या:

```python
import pandas as pd
df = pd.read_excel("file.xlsx", dtype=object,
                   keep_default_na=False, na_values=[""])
for c in df.columns:
    print(c, df[c].isna().sum(), df[c].nunique(),
          df[c].dropna().map(type).value_counts().to_dict())
```

प्रत्येक कॉलमचे ब्लँक, वेगळ्या किमती किती, आणि आत कोणत्या जातीचा माल किती. B पुढे datetime ९५३ आणि str १,४६४ आलं की काम झालं. dropna() काढू नका, नाहीतर रिकामे सेल float म्हणून मोजले जातात आणि नसलेली भेसळ दिसते. हे फक्त पहिलं शीट वाचतं, हेही ध्यानात ठेवा, आणि शेवटची बेरजेची ओळही यात मोजली जाते.

---

स्वल्पविराम

आणि ओळींचा आकडा नेमका ६५,५३६ आला तर पुढचं काहीच बघू नका, जुन्या xls ची ती कमाल मर्यादा आहे, खालचं कापलं गेलंय असं समजा. २०२०च्या सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या मोजणीतून सुटले, ते याच मर्यादेपायी. CSV ला ही मर्यादा नाही, हे जाता जाता.

---

उभाआडवा

जाता जाता म्हणे.

---

सरळरेघ

एवढं सगळं वाचलं. तारखांचं मान्य करतो, ते विचारून सापडलं नसतं. पण तुम्ही लोक प्रोफाइलच्या नावाखाली पाठवणाऱ्याला दोन पानं पाठवाल. आणि त्याला फक्त प्रिंट एका पानावर बसवून हवी असेल. तेव्हा तुमचं ९९९ आणि सिग्मा काय कामाचं?

---

तळओळ

तेव्हा काहीच कामाचं नाही, कबूल. म्हणून सगळं मिळून पंधरा मिनिटं आणि उत्तर एवढंच:

> फाइल मिळाली. २,४१७ ऑर्डरी आणि शेवटी एक बेरजेची ओळ आहे.
> तारखांमध्ये ९५३ ठिकाणी दिवस आणि महिना उलटलेले दिसतात, उदा. ९ डिसेंबर ही बहुधा १२ सप्टेंबर. मूळ एक्स्पोर्ट मिळेल का?
> 'पूर्ण' असूनही रक्कम नसलेल्या दोन ऑर्डरी आहेत, त्यांच्या ओळी पिवळ्या केलेली प्रत जोडली आहे.
> नग ९९९ असं अकरा ठिकाणी आहे, याचा अर्थ 'माहीत नाही' असा आहे का?
> यातून तुम्हाला काय काढून हवंय?

तुमचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, काढलेला नाही. शाखांचे मर्ज केलेले सेल मी यात लिहिलेले नाहीत, कारण ते मला विचारावं लागत नाही, मीच सोडवू शकतो. जे मीच सोडवू शकतो ते त्याच्या डोक्यावर टाकायचं नाही.

---

सरळरेघ

पाच ओळी. सहावी आली तर मी वाचणार नाही आणि पाठवणाराही वाचणार नाही. आणि त्या प्रिंटवाल्या माणसाला यातल्या चार फुकट गेल्या, हे माझं म्हणणं कायम.

---

बेरीजबाकी

तळओळ, ते वीस रिकामे सेल सापडले, सगळे एकाच दिवसाचे निघाले. पण त्या दिवसाची तारीख ८ ऑगस्ट आहे की ४ ऑगस्ट हे आता बघतोय, कारण तारखेच्या कॉलममध्ये ISTEXT लावलं तर ३१० आलं.

---

स्वल्पविराम

८ ऑगस्ट असेल तर निवांत राहा, ८/८ उलटलं तरी ८/८ च. ४ ऑगस्ट असेल तर ती ८ एप्रिलही असू शकते. मूळ CSV मागवा. न उघडता.